न दिसणारी गाडी

पाऊस धरला की सकाळी साडेसातपासून आमच्या डब्याच्या ग्रुपवर मीम्स सुरू होतात. परवाचं पहिलं असं होतं: कुर्ल्याजवळचे रूळ पाण्याखाली, वर चिकटवलेली होडी, आणि खाली ओळ, ‘8.42 ची फास्ट आज शिडावर धावेल. दारात लटकणाऱ्यांनी वल्हं सोबत आणावं.’ डोंबिवलीच्या फलाटावर भिजत आम्ही हसलो. पाठोपाठ दुसरं आलं. रिकामा फलाट आणि वर ‘गाडी आलेली आहे, फक्त दिसत नाही.’

हे दुसरं ज्यानं कुणी केलं, त्यानं नकळत सिग्नलचं मर्मच सांगितलं आहे.

लोकलच्या दोन रुळांमधून अगदी कमी दाबाचा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. तो एका रुळातून जातो, तुकड्याच्या दुसऱ्या टोकाच्या रिलेतून फिरून दुसऱ्या रुळानं परत येतो. रिले उचललेला, म्हणजे रूळ मोकळा. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परततो, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. आता खडी पाण्यात बुडली तर? गटाराचं, चिखलाचं पाणी चाकांचंच काम करतं. प्रवाह पाण्यातून गळतो, रिले पडतो. तिथे चिटपाखरू नसलं तरी सिग्नलच्या लेखी गाडी उभी आहे! शंका आली तर लालच व्हायचं, अशीच त्याची घडण. म्हणून काही ठिकाणी रुळांतल्या प्रवाहाऐवजी चाकं मोजणारी यंत्रं बसवली आहेत. पण पाणी रुळांच्या वर चढलं, तर डब्याखालच्या मोटारींसाठी गाड्या थांबवाव्याच लागतात.

त्यात भरती असली की समुद्र शहराचं पाणी घेत नाही. ग्रुपमधले काका लगेच लिहितात, ‘हे काय, 2005 पाहिलंत का?’ 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यांच्यापुढे कुणाचीच तक्रार टिकत नाही. शिव्या तशाही पहिल्या पंधरा मिनिटांत संपलेल्या असतात. उरतात ती मीम्स, आणि तीच पुढे साहेबांना उशिराचा पुरावा म्हणून जातात.

मग चार गाड्यांची गर्दी घेऊन एक गाडी येते. एरवीही ऐन गर्दीत चौरस मीटरला 14 ते 16 माणसं असतात. म्हणजे जेवणाच्या छोट्या टेबलाएवढ्या जागेत अख्खं वऱ्हाड. परवा ठाण्याजवळ मोबाइल खिशातून काढायलाही हात मोकळा नव्हता. शेजाऱ्याच्या पडद्यावर मान तिरकी करून वाचलं, वेळ 9.50:

‘8.42 दिसायला लागली रे.’