रागाचं पत्र आणि त्यातली मागणी

१८६३च्या जुलैमध्ये गेटिसबर्गला तीन दिवस घनघोर लढाई झाली आणि दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांना माघार घ्यावी लागली. वाटेत पोटोमॅक नदीला पूर होता, त्यामुळे त्यांची फौज अलीकडच्या काठावर अडकून पडली. उत्तरेच्या जनरल मीड यांनी तेव्हाच हल्ला केला तर युद्ध संपेल, अशी अध्यक्ष लिंकन यांना आशा होती. १४ जुलैला बातमी आली की ली नदी ओलांडून निसटले. सरसेनापती हॅलेक यांनी अध्यक्षांची नाराजी मीड यांना तारेने कळवली. मीड दुखावले आणि मला पदमुक्त करा, असं त्यांनी उलट कळवलं.

त्याच दिवशी लिंकन मीड यांना पत्र लिहायला बसले. सुरुवातीला गेटिसबर्गच्या विजयाबद्दल कृतज्ञता आहे. मग एकेका परिच्छेदात राग वर येत जातो: शत्रू हातात आला होता, तुम्ही तो जाऊ दिलात, आता युद्ध किती लांबेल कोणास ठाऊक. पत्र पूर्ण झालं. त्यावर सही झाली नाही, ते गेलंही नाही. पाकिटावर लिंकन यांनी तशी नोंद करून ठेवली.

ही गोष्ट संयमाचा धडा म्हणून बहुतेक वेळा इथेच थांबवली जाते. मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. मीड यांना उत्तर गेलं ते हॅलेक यांचं, आणि ते अगदी छोटं होतं. आधीची तार ठपका ठेवण्यासाठी नव्हती, पाठलागाला जोर यावा म्हणून होती. तेवढ्यासाठी पद सोडण्याचं कारण नाही. म्हणजे मीड यांना अजून करता येण्यासारखं जे होतं, तेवढंच त्या उत्तरात होतं. नदीकाठी हुकलेली संधी आता कोणालाच परत आणता येणार नव्हती. मीड युद्ध संपेपर्यंत त्या सैन्याचे प्रमुख राहिले.

रागाचं पत्र लिहिल्याने वाफ निघून जाते आणि माणूस शांत होतो, अशी समजूत आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिडलेल्या विद्यार्थ्यांना ठोसे मारायला पिशवी दिली होती. ज्याच्यामुळे राग आला त्याचा विचार करत ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही, उलट तेच सर्वांत जास्त चिडलेले राहिले. नुसतं ओकून टाकणं पुरत नाही, हे पत्रालाही लागू आहे. रागाच्या पत्राचं खरं काम वेगळं आहे: आपल्याला समोरच्याकडून नेमकं काय हवंय हे शोधणं. चिडलेल्या माणसाला ते ठाऊक असतं, पण ते तक्रारींच्या ढिगाखाली दबलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. आई नाशिकला धाकट्या मुलीकडे राहते, चार महिन्यांपूर्वी तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे. थोरला भाऊ बेंगळुरूला असतो. बहीण वहीत लिहिते:

“दादा, फोनवर ‘आईला जप’ म्हणायला तुझं काय जातं? चार महिन्यांत एकदा आलास, तोही दीड दिवस. येताना पेढे. आईला मधुमेह आहे हे तरी आठवतं का? रात्री दोन-दोनदा तिला उठवून बाथरूमला मी नेते. दिवसाच्या बाईचे सोळा हजार मी भरते. लहानपणापासून सगळं तुलाच मिळालं, कॉलेजची फीसुद्धा. वहिनीला आमच्याकडे यायचंच नसतं. काल रात्री मी आईवर ओरडले. मी काय माणूस नाही?”

हे वहीतच लिहायचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या खिडकीत नाही, कारण तिथे अंगठा आणि पाठवण्याचं बटण यांच्यात अंतरच नसतं. मग रात्र जाऊ द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसायचं.

आधी जे घडलं तेवढ्याखाली रेघ मारायची: दीड दिवस, रात्री दोनदा, सोळा हजार, आईवर ओरडणं. वहिनीच्या मनात काय आहे हा अंदाज आहे, त्यावर काट. कॉलेजची फी हे जुनं आणि खरं दुखणं आहे, पण भावाला ते आज दुरुस्त करता येत नाही; त्याला कंस. आता उरलेलं वाचलं की एक गोष्ट लक्षात येते आणि ती बहुतेक रागाच्या पत्रांत दिसते: अख्ख्या पत्रात मागणी एकही नाही. ती रेघ मारलेल्या वाक्यांतून काढावी लागते. सोळा हजारांच्या खाली खर्चाची वाटणी आहे, दीड दिवसाच्या खाली त्याने येऊन राहणं. आणि सर्वांत वजनदार वाक्य शेवटी, जवळजवळ चुकून आलंय: ती आईवर ओरडली. तिची झोप होत नाही, मूळ दुखणं हे आहे. पेढ्यांची गरजच उरत नाही.

त्यातून निघालेला निरोप असा:

“दादा, आईला रात्री दोनदा उठवून न्यावं लागतं आणि चार महिने ते मी एकटी करते आहे. झोप पुरत नाही. परवा मी आईवर ओरडले, ते मला फार लागलं. दोन गोष्टी हव्या आहेत. रात्रीसाठीही बाई ठेवू आणि दोन्ही बायांचा खर्च निम्मा-निम्मा करू. आणि मे महिन्यात तू पंधरा दिवस इथे येऊन राहा, म्हणजे मला थोडी विश्रांती मिळेल. रविवारी सकाळी फोन करते, तोवर तारखा बघून ठेव.”

यात दुःख एका वाक्यात राहिलंय, आणि ते राहायलाच हवं. शांत लिहिण्याच्या नादात पुष्कळ जण सगळं धुऊन टाकतात आणि उरतं ते “जमलं तर एकदा येऊन जा”. त्यावर भाऊ “हो, बघतो” म्हणतो, काहीच बदलत नाही आणि दोन महिन्यांनी आणखी मोठा स्फोट होतो. उलट चूकही तितकीच होते: वाक्यं सौम्य असतात, पण “निदान”, “कधीतरी”, “तुला वेळ असेल तर” अशा शब्दांत काटे राहून जातात. निरोप मोठ्याने वाचला की आवाज कुठे चढतो ते ऐकू येतं. ते वाक्य पुन्हा लिहायचं. दुसरी कसोटी मागणीची: तिला हो, नाही किंवा तारीख असं उत्तर देता येतं का? येत नसेल तर ती अजून तक्रारच आहे.

पेन्सिल फिरवूनही त्या माणसाकडे मागावं असं काहीच उरत नाही, असंही होतं. तेव्हा निरोप पाठवायचाच नाही. समोरचा माणूस धमकावणारा किंवा हात उगारणारा असेल, तर हा मार्ग कामाचा नाही. तिथे आधी मदत आणि सुरक्षितता पाहावी लागते.

मूळ पत्र ठेवून रोज वाचलं की राग पुन्हा पेटतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना अपमानास्पद शेरे देऊन चिडवण्यात आलं आणि मग मनातलं कागदावर लिहायला सांगितलं. ज्यांनी तो कागद टाकून दिला किंवा यंत्रात त्याचे तुकडे केले, त्यांचा राग जवळपास मूळ पातळीवर आला. कागद जपून ठेवणाऱ्यांचा फारसा उतरला नाही. म्हणून मागण्या काढून झाल्या की वहीतलं पान फाडावं, आधी नाही.

रविवारी भाऊ म्हणेल, “मे महिना कठीण आहे गं.” त्या क्षणी कॉलेजची फी जिभेवर येईल. तिच्यापुढे कागदावर दोनच ओळी असाव्यात, खर्च आणि पंधरा दिवस, आणि तिने विचारावं: मग जूनमधल्या कुठल्या तारखा?