हापशाचा दांडा आणि बादलीची कडी

छातीच्या मधल्या हाडावर तळहात ठेवून सावकाश श्वास घ्या. हाड वर आणि पुढे सरकतं. बरगड्या कण्यापासून पुढे येताना खाली उतरत जातात, म्हणून त्यांचं पुढचं टोक उचललं की पुढेही जातं. हापशाच्या दांड्यासारखी ही हालचाल मुख्यतः वरच्या बरगड्यांची. तिच्यामुळे छातीची पुढून-मागे खोली वाढते.

आता दोन्ही हात बाजूंना, खालच्या बरगड्यांवर ठेवा. सातवी ते दहावी बरगडी मधोमध खाली झुकलेली असते. बादलीची पडलेली कडी उचलावी तशी ती वर येताना बाहेर जाते आणि छाती रुंदावते.

सगळी करामत या उताराची. तान्ह्या बाळाच्या बरगड्या जवळपास आडव्या असतात, म्हणून ते पोटानं श्वास घेतं. सीओपीडीत फुप्फुसांत हवा अडकून छाती पिंपासारखी गोल होते, बरगड्या आडव्या होतात आणि उचलायला फारसं काही उरत नाही. श्वासपटलही सपाट झालेलं असतं. ते आकसलं की खालच्या बरगड्या आत ओढल्या जातात आणि बाजूंना ठेवलेले हात श्वास घेताना जवळ येतात. याला हूवरची खूण म्हणतात. घरातल्या धूम्रपान करणाऱ्या माणसात ती दिसली, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवाच.