छातीच्या फोटोचा फोटो

गेल्या पावसाळ्यात मावशीच्या मुलाने रात्री दहाला मला मोबाइलवर एक्स-रे पाठवला. काका तीन आठवडे खोकत होते, म्हणून त्यांनी गावातच छातीचा फोटो काढून घेतला होता. खाली लिहिलं होतं, ‘‘दादा, डाग निघालाय. टीबी आहे का? शेजारचे म्हणतात हृदयही वाढलंय.’’ तीस वर्षं हेच काम करतोय, पण त्या दोन्ही प्रश्नांना मला उत्तर देता येईना.

प्लेट ट्यूबलाइटसमोर धरून टिपलेली होती. मधोमध दिव्याचा पांढरा पट्टा आला होता आणि कडा कापल्या गेल्या होत्या. उजव्या फुप्फुसात, कॉलरच्या हाडाखाली धुरकट पांढरेपणा होता. तिथे काहीतरी आहे, एवढं मी सांगू शकत होतो. उजवं तरी कशावरून म्हणायचं? प्लेटच्या कोपऱ्यात ‘आर’ किंवा ‘एल’ अशी खूण असते, तीच फोटोत आली नव्हती. हृदयाचं टोक नेहमीच्या बाजूला दिसलं म्हणून मी उजवं धरलं, पण प्लेट उलटी धरून फोटो काढला असता तर हा आधारही खोटा ठरला असता.

हृदयाचं गणित तर आणखी फसवं आहे. रुग्ण उभा राहून प्लेटला छाती टेकवतो आणि किरण पाठीमागून येतात, तेव्हा हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून कमी असावी, असा ढोबळ नियम आहे. धाप लागलेल्या माणसाला खाटेवर बसवून समोरून एक्स-रे काढला की हृदय प्लेटपासून लांब राहतं. किरण पसरत जात असल्यामुळे त्याची सावली मोठी पडते, जसा भिंतीपासून दूर धरलेल्या हाताचा पंजा भिंतीवर मोठा दिसतो. त्यात श्वास अर्धाच घेतला असेल तर हृदय आडवं पसरतं. मी भावाला कोपऱ्यात काय लिहिलंय ते बघायला सांगितलं. तिथे ‘एपी’ होतं, म्हणजे समोरून काढलेला. हृदय वाढलंय असं या प्लेटवरून म्हणता येणार नाही, एवढं त्याला सांगितलं. वाढलेलं नाही, असंही मी म्हणालो नाही.

मग डागाकडे वळलो. एक्स-रेमध्ये हवा काळी दिसते आणि हाड पांढरं. हवेच्या जागी पू, पाणी, गाठ किंवा जुना व्रण आला की फुप्फुस तिथे पांढरं होतं. पांढरेपणाला स्वतःचं नाव नसतं. वरच्या भागातला डाग टीबीचा असण्याची शक्यता बरीच असते, पण न्यूमोनिया आणि कॅन्सरही तिथे होतात. आणि बऱ्या झालेल्या टीबीचा वण आयुष्यभर राहतो. तो फुप्फुसाला आक्रसतो, श्वासनळी आपल्याकडे ओढतो. पण जुन्या वणाशेजारी नवा आजार सुरू झालाय का, हे एकट्या प्लेटवरून कळत नाही.

म्हणून मी विचारलं, ‘‘काकांचा जुना फोटो आहे का?’’ मावशीने ट्रंकेतून 2009 चा काढला. तेव्हा त्यांनी टीबीचा पूर्ण कोर्स केला होता, हे भावाला ठाऊकच नव्हतं. दोन्ही प्लेटा मी एसटीने मागवून घेतल्या आणि व्ह्यू-बॉक्सवर शेजारी शेजारी लावल्या. वरच्या रेघोट्या तेव्हाही होत्या, तशाच. त्यांच्या खाली मऊ कडांचा एक ठिपक्यांचा पुंजका मात्र नवा होता आणि त्यात रुपयाएवढी पोकळी होती. मोबाइलमधल्या फोटोत ती दिव्याच्या पट्ट्याखाली पूर्ण लपली होती. मूळ डिजिटल प्रतिमेत करड्या रंगाच्या हजारो छटा असतात. मोबाइलच्या साध्या फोटोत त्या 256 वर येतात आणि पाठवताना तो फोटो आणखी दाबला जातो. बारीक ठिपके तिथेच हरवतात. एखादा फोटो स्वच्छ दिसला तरी ‘काही नाही’ असं मी लिहीत नाही, ते यामुळेच. हृदयामागची किंवा हाडाआडची लहान गाठ तर चांगल्या प्लेटवरही निसटते.

काही गोष्टी मात्र खराब फोटोतही उघड दिसतात. एका बाजूला फुप्फुसाच्या रेषाच नाहीत, नुसता काळोख आहे आणि हृदय दुसरीकडे ढकललं गेलंय, असं दिसलं तर फुप्फुसाबाहेर हवा भरल्याचा संशय येतो. तेव्हा मी लगेच फोन करून ‘आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या’ म्हणतो. पाठवणाऱ्यानेही संपूर्ण प्लेट कोऱ्या पांढऱ्या पडद्यासमोर धरावी, कोपऱ्यातली अक्षरं आणि तारीख आत घ्यावी आणि सोबत लक्षणं लिहावीत. सीडी किंवा मूळ फाइल मिळाली तर उत्तमच.

पोकळी दिसल्यावरही मी भावाला ‘टीबी झालाय’ असं कळवलं नाही. थुंकी तपासायला सांगितली. लाळ नको, सकाळी खोल खोकून काढलेला बेडका हवा, हे दोनदा बजावलं. सरकारी केंद्रात ट्रूनॅटवर ती तपासणी मोफत झाली. हे यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे. जंतू सापडले आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल, हेही त्याच तपासणीत कळलं. ते कुठल्याही एक्स-रेने सांगितलं नसतं. गोळ्या सुरू झाल्या. दोन्ही प्लेटा मी एकाच पाकिटात घालून, वर तारखा लिहून, मावशीकडे परत पाठवल्या आहेत.