वीस किलो चकलीचं गणित

डोंबिवलीत दिवाळीच्या आधी तीन आठवडे कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभं राहा, भाजणीचा वास येतोच. त्यातली निम्मी घरं आता नुसती घरच्यांसाठी तळत नाहीत, ऑर्डरीसाठी तळतात. मीही तळते. पहिल्यांदा एका कार्यालयाची वीस किलो चकलीची ऑर्डर आली, तेव्हा सासूबाईंच्या वाटीच्या मापाला सरळ गुणून मोकळी झाले. चौदा किलो भाजणीची उकड एकदम काढली आणि सकाळी सात वाजता सोऱ्या हातात घेतला. अकरापर्यंतच्या चकल्या काटेरी, खुसखुशीत झाल्या. दुपारनंतर सोऱ्यातून तुटक्या धारा यायला लागल्या, म्हणून पाण्याचा हात लावत गेले. संध्याकाळच्या चकल्या तेल प्यायल्या, आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, वरच्या डब्यातल्या छान आहेत, खालच्या मऊ पडल्यात."

तेव्हापासून वही ठेवली. त्या वहीने माझे जे समज मोडले, ते इथे मांडते. आकडे माझ्या चुलीवरचे आहेत. तुमची भाजणी वेगळी असेल तर तुमचे आकडे थोडे हलतील.

गैरसमज : माप वीसपट केलं की पदार्थ वीसपट होतो.

वजनाच्या बाबतीत हे खरं आहे, वेळेच्या बाबतीत अजिबात नाही. एक किलो भाजणीला मी १२० ग्रॅम तेलाचं मोहन घालते, उकडीला एक लिटर पाणी, आणि मळताना वरून आणखी २०० मिलिलिटरच्या आसपास. एक किलोची उकड मळून तळून व्हायला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात ती कोमट असते आणि सोऱ्यातून सुरळीत उतरते. चौदा किलोच्या उकडीतला शेवटचा गोळा मात्र आठ-दहा तास वाट पाहत बसतो. गार झालेल्या उकडीतला स्टार्च घट्ट होत जातो, जशी सकाळची भाकरी रात्री कडक होते. वरचा भाग सुकतो तो वेगळाच. मग आपण पाणी लावतो. जास्तीचं पाणी तेलात वाफ होऊन निघून जातं आणि जाताना चकलीत बारीक पोकळ्या ठेवतं. त्यात तेल शिरतं. दुपारनंतरची चकली तेलकट का होते, त्याचं उत्तर हे.

उकडीचं पाणीही फसवतं. उकळताना किती पाणी उडेल हे पातेल्याच्या तोंडावर, आचेवर आणि वेळेवर ठरतं. आत किती लिटर आहे त्यावर नाही. छोट्या पातेल्यातल्या एका लिटरातून जेवढा हिस्सा उडतो, तेवढा मोठ्या टोपातल्या चौदा लिटरांतून उडत नाही. म्हणून गुणाकार करून घेतलेलं पाणी मोठ्या मापाला जास्त होतं.

आता मी भाजणी एकदाच करते आणि उकड पंधरा वेळा. धान्यं वेगवेगळी धुऊन, वाळवून, थोडी थोडी भाजायची, कारण मोठ्या कढईत डाळी ढिगाने भाजल्या की तळाच्या करपतात आणि वरच्या कच्च्या राहतात. भाजून झाल्यावर मात्र सगळं एकत्र कालवून एकाच वेळी गिरणीतून आणायचं. दोनदा दळलं की पिठाचा जाडेबारीकपणा बदलतो आणि त्याबरोबर पाण्याचं मापही. मग काट्यावर एकेक किलोच्या पिशव्या भरायच्या. प्रत्येक पिशवीबरोबर मीठ, तिखट, हळद, हिंग, ओवा, तीळ यांची वजन केलेली पुडी. हे आदल्या रात्री होतं. सकाळी फक्त एक पिशवी, एक पुडी, एक लिटर पाणी.

गैरसमज : मोठ्या मापाला मीठ-तिखट हात राखून घालावं.

हा सल्ला रश्श्याच्या भांड्यांतून आलेला आहे. घरच्या पातेल्यात रस्सा जास्त आटतो, मोठ्या टोपात कमी, म्हणून तिथे मिठाचा अंदाज बदलतो. चकलीत मीठ कुठे उडून जात नाही. एक किलोला २२ ग्रॅम लागत असेल तर पंधरा किलोला ३३० ग्रॅमच लागतं, एक चिमूटही कमी नाही. गडबड होते ती चमच्यामुळे. शिगोशीग चमचा आणि सपाट चमचा यांत बराच फरक असतो, आणि तो पंधरा वेळा केला की चांगलाच जाणवतो.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. मळलेलं पीठ चाखून मीठ ठरवू नये. एक किलो भाजणीचा मळलेला गोळा पाणी, मोहन, मसाला धरून साधारण २४०० ग्रॅम भरतो, आणि त्यातून चकल्या निघतात १४०० ग्रॅम. मीठ तेवढंच राहतं, वजन एवढं घटतं. म्हणजे जिभेला बरोबर लागलेलं पीठ तळल्यावर खारट होणार. पीठ चाखायचंच असेल तर ते किंचित अळणी लागायला हवं. त्याहून बरं, एक चकली तळून, गार करून खावी. गरम चकलीत खुसखुशीतपणाही कळत नाही.

गैरसमज : कढई मोठी घेतली की काम लवकर उरकतं.

कढईपेक्षा आच महत्त्वाची. वरचा हिशेब पाहा: एका किलोच्या घाण्यांतून सव्वा लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जायचं असतं. तुमच्या घरच्या शेगडीवर सव्वा लिटर पाणी ठेवा आणि ते पूर्ण आटायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. माझ्या मोठ्या बर्नरवर पस्तीस ते चाळीस मिनिटं लागतात. चकली तळताना तेवढंच पाणी त्याच आचेने उडवायचं असतं, त्यामुळे किलोमागे पस्तीस-चाळीस मिनिटांच्या खाली येणं त्या शेगडीवर शक्यच नाही. कढई घमेल्याएवढी असली तरीही.

मोठ्या कढईत पहिला घाणा फसवतो. भरपूर तेल आधीच तापलेलं असतं, वीस चकल्या सोडल्या तरी झकास तळल्या जातात. दुसऱ्या घाण्याला तेल पुरतं तापत नाही. तिसऱ्याला चकल्या टाकल्यावर बुडबुडे जोरात न येता सुस्त येतात, आणि चकली तळण्याऐवजी तेलात भिजत राहते. थर्मामीटर असेल तर १७० अंशांच्या आसपास तेल ठेवावं आणि पुढचा घाणा ते पुन्हा तिथे आल्यावरच सोडावा. नसेल तर चकलीचा लहान तुकडा टाकावा. तो बुडाशी जाऊन लगेच वर यायला हवा. काढायची वेळ बुडबुडे सांगतात. ते जवळजवळ शांत झाले म्हणजे आतलं पाणी संपलं. रंग पाहून काढलेली चकली बाहेरून तयार आणि आतून ओलसर असू शकते, आणि तीच डब्यात मऊ पडते.

पंधरा पिशव्या गुणिले चाळीस मिनिटं म्हणजे दहा तास. एका शेगडीवर वीस किलोची ऑर्डर एका दिवसात घेणं म्हणजे स्वतःला फसवणं. दोन बर्नर किंवा दोन दिवस, हे ऑर्डर घेतानाच सांगायचं. (आणि धंद्याला घरगुती सिलिंडर चालत नाही, एकोणीस किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तो खर्चही हिशेबात धरायचा.)

तेलाबद्दल थोडक्यात. ताजं तेल ओतत राहिलं की जुनं तेल नवं होतं, असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. तळणीत तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा एफएसएसएआयचा नियम आहे. घरी ते मोजता येत नाही, पण चकली काढल्यावरही फेस बसत नसेल, तेल चिकट झालं असेल किंवा नेहमीपेक्षा कमी आचेवर धूर येत असेल, तर ते संपलं समजावं.

गैरसमज : साहित्याच्या दुप्पट भाव लावला की नफा सुटतो.

एका पिशवीचा हिशेब मांडते. भाव बाजाराबरोबर हलतात, तेव्हा तुमचे घालून बघा. भाजणी दळणासकट १३० रुपये. तीळ-मसाला ३५. तेल मोहनाचं १२०, चकलीने प्यायलेलं ३०० आणि टाकून द्यावं लागणारं शंभर असं ५२० ग्रॅम, किलोला १५० प्रमाणे ७८ रुपये. साहित्य झालं २४३. चकल्या १४०० ग्रॅम, म्हणजे किलोला साहित्याचे १७४ पडले. दुप्पट करून ३४८ ला विकली की निम्मा नफा, असं मीही पहिल्या वर्षी धरलं होतं.

आता उरलेलं घाला. गॅस २० रुपये, डबे आणि लेबल ४५. माणशी तासाला ८० रुपये धरले, तर धुणं-भाजण्यापासून पॅकिंगपर्यंत एका पिशवीला दोन तास जातात, ते १६०. एकूण ४६८. शिवाय १४०० ग्रॅमपैकी शंभरेक ग्रॅम तुकडे निघतात, ते डब्यात घालता येत नाहीत. विकाऊ चकली १३०० ग्रॅम. म्हणजे किलोला खर्च ३६० रुपये. ३४८ ला विकलेल्या प्रत्येक किलोमागे माझी मजुरीही पुरती सुटत नव्हती, बारा रुपये कमीच पडत होते, आणि वर मी निम्मा नफा मिळतोय असं समजत होते.

याच हिशेबात घाऊक सवलतीचं उत्तर आहे. भाव ४५० असेल तर किलोला ९० सुटतात. गिऱ्हाईक म्हणतं, "काकू, वीस किलो घेतोय, दहा टक्के तरी कमी करा." दहा टक्के म्हणजे ४५ रुपये, नफ्याचा बरोबर अर्धा हिस्सा. मोठ्या ऑर्डरीने माझं काय वाचतं? डाळ-तांदूळ, तेल घाऊक आणलं तर साहित्यात आठेक टक्के, म्हणजे किलोला पंधरा रुपयांच्या आत-बाहेर. वीस किलोला हात तितकेच चालतात, गॅस तितकाच जळतो. म्हणून मी पंधरा रुपये कमी करते, त्याहून जास्त नाही.

गेल्या दिवाळीत त्या कार्यालयाने पुन्हा विचारलं, तेव्हा ४३५ भाव सांगितला आणि दोन दिवस मागितले. चकल्या परातींत पातळ पसरून पूर्ण गार केल्या; ढीग केला की मधल्या तासन्‌तास गरम राहतात आणि डब्यात घातल्यावर झाकणाला घाम येतो. तुकडे भरले दीड किलो. ते खालच्या भेळवाल्याने २०० रुपये किलोने नेले.