रश्श्याला किती वेळा उकळी काढायची?

रविवारी दुपारी दीड किलो मटणाचा रस्सा होतो. जेवणं दोनला आटोपतात आणि पातेलं अर्धं उरतं. ते ओट्यावर झाकून राहतं, रात्री नऊला जेवणापुरतं कोमट होतं, पुन्हा झाकलं जातं आणि झोपण्याआधी कुणाला आठवण झाली तर फ्रिजमध्ये जातं. सोमवारी सकाळी डब्यासाठी तेच अख्खं पातेलं परत गॅसवर चढतं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, शिळं मटण मुरतं आणि जास्त चांगलं लागतं. दुसरा म्हणतो, दोनदा गरम केलेलं मांस विषारी होतं.

दोन्ही पक्षांचं थोडं थोडं बरोबर आहे, पण दोघंही चुकीची गोष्ट मोजतात. मांस दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा तापवलं म्हणून त्यात विष तयार होत नाही. धोका वाढतो तो ते कोमट असतानाच्या तासांत. दर वेळी गरम केलेलं पातेलं पुन्हा गार व्हावं लागतं आणि गार होताना ते कोमटपणातून जातं. म्हणून गरम करण्याची संख्या वाढली की हे तास वाढतात.

अन्नसुरक्षेच्या नियमांत साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा मानतात. शिजलेल्या मांसाच्या बाबतीत या पट्ट्यात सर्वांत जास्त त्रास देणारा जीवाणू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. तो माती, धूळ आणि जनावरांच्या आतड्यांत असतो, त्यामुळे कच्च्या मांसाबरोबर घरात येणं त्याला अवघड नाही. मटण शिजवताना जिवंत जीवाणू मरतात, पण त्याचे बीजाणू उकळीतही टिकतात. शिवाय ती उष्णता त्यांना जागं करते, आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे इतर जीवाणू तोवर मेलेले असतात. त्याला हवा नको असते. उकळीनं रश्श्यातली हवा निघून गेलेली असते, वर तेलाचा तवंग आणि झाकण. याहून सोयीची जागा त्याला मिळणार नाही.

43 ते 47 अंशांच्या आसपास, म्हणजे बोट बुडवलं तर सुखद गरम लागेल इतक्या तापमानात, हा जीवाणू दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. एकाचे दोन तासांत चार हजारांवर आणि चार तासांत दीड कोटीच्या वर. आता आपलं रविवारचं पातेलं बघा. दोन वाजता ते कढत होतं. घट्ट रस्सा, जाड बुडाचं भांडं आणि वर झाकण, म्हणजे ते सावकाश गार होणार. ते चारपर्यंत धोक्याच्या पट्ट्यात शिरलं असेल, तरी नऊपर्यंत पाच तास होतात. नऊला ते नुसतं कोमट केलं तेव्हा जीवाणू मेले नाहीत, त्यांना हवी तशी ऊब पुन्हा मिळाली. इथे चूक दुसऱ्यांदा गरम करण्याची नाही. दुपारी न थंड करण्याची आहे आणि रात्री अर्धवट गरम करण्याची आहे.

मग रात्री खळखळ उकळलं असतं तर? परफ्रिंजन्सपुरतं बरंच निभावलं असतं. त्याचं विष बहुतेक वेळा आपल्या पोटात गेल्यावर तयार होतं, भरपूर जिवंत जीवाणू खाल्ले तर. सणसणीत उकळीत ते मरतात. पण स्टॅफिलोकोकस नावाचा दुसरा जीवाणू आपल्या हातांवर आणि नाकात असतो. शिजलेलं चिकन हातानं पिंजलं, उष्टा चमचा परत पातेल्यात घातला की तो रश्श्यात उतरतो आणि तिथेच विष तयार करतो. ते विष उकळीनंही जात नाही. भातात आणि बिर्याणीत सापडणाऱ्या बॅसिलस सीरियसच्या एका विषाचंही तसंच आहे. म्हणून ‘चांगली उकळी काढली की सगळं शुद्ध’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. उकळी उशिरा आलेली असेल तर ती काही गोष्टी दुरुस्त करू शकत नाही. वासावरही भरवसा ठेवू नका. रस्सा आंबला, बुडबुडे आले, चिकट झाला तर तो टाकायचाच, पण पोट बिघडवण्याइतके जीवाणू वास न बदलताही असू शकतात.

ब्रिटनमध्ये सरकारी सल्ला आहे की उरलेलं अन्न एकदाच गरम करा. अमेरिकेचं कृषी खातं संख्येपेक्षा तापमानावर भर देतं: दर वेळी अन्न आतपर्यंत 74 अंशांना पोचलं पाहिजे. या दोन सल्ल्यांत भांडण नाही. पहिला सल्ला चुकांची संधीच कमी करतो, दुसरा चूक कुठे होते ते सांगतो. आपल्या घरात पाळायला सोपं सूत्र असं की पातेलं एकदाच थंड करा आणि त्यातला प्रत्येक वाटा एकदाच गरम करा.

ते असं जमतं. जेवण झाल्याबरोबर, म्हणजे फार तर दोन तासांत, उरलेला रस्सा पसरट डब्यांत काढा. उन्हाळ्यात, बाहेर 32 अंशांच्या वर असताना, एकाच तासात. डब्यात रश्श्याची उंची दोन इंचांच्या वर नको. घट्ट रश्श्यात खोली दुप्पट झाली की गार व्हायला जवळपास चौपट वेळ लागतो, त्यामुळे एक खोल पातेलं आणि तीन उथळ डबे यांत तासांचा फरक पडतो. परातीत गार पाणी आणि बर्फ घालून त्यात डबे ठेवा, अधूनमधून ढवळा आणि वाफा थांबल्या की फ्रिजमध्ये सरकवा. पूर्ण गार होण्याची वाट पाहू नका. प्रत्येक डबा एका जेवणापुरता भरा. हे डबे दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत संपवावेत. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका आणि खायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा.

गोव्यात सोरपोतेल करून दिवसेंदिवस ठेवतात आणि रोज उकळी काढतात, त्याचं काय, असं कुणी विचारेल. त्यात भरपूर व्हिनेगर असतं. तेवढ्या आंबटपणात हे जीवाणू सहज वाढत नाहीत. खोबऱ्याच्या वाटणाचा मटण रस्सा, शागोती, नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा यांना ते संरक्षण नाही. सोरपोतेलचा नियम त्यांना लावू नये.

आता गरम करण्याविषयी. डब्यातला रस्सा छोट्या पातेल्यात काढून त्यात थोडं कढत पाणी घाला, कारण फ्रिजमध्ये तो घट्ट होतो आणि तसाच तापवला तर बुडाला लागतो. मध्यम आचेवर तळापासून डाव फिरवत राहा. कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं असं समजून अनेक जण गॅस बंद करतात, पण तेव्हा मधला भाग आणि हाडाजवळचं मांस गारच असतं. पातेल्याच्या मधोमध खदखद सुरू झाली पाहिजे आणि ती दोन-तीन मिनिटं टिकली पाहिजे. मग सर्वांत जाड तुकडा मोडून बघा, आतून वाफ यायला हवी. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता जाड भागात खुपसून 75 अंश बघा. ते उपकरण काही शे रुपयांत मिळतं आणि माझ्या मते मांस खाणाऱ्या प्रत्येक घरात असावं.

पांढरा रस्सा किंवा नारळाचं दूध घातलेली ग्रेव्ही खळखळ उकळली तर फुटते. इथे घाबरायचं कारण नाही, कारण लागणारं तापमान उकळीच्या बरंच खाली आहे. मंद आचेवर सतत ढवळत, वाफा येऊन हलके बुडबुडे फुटेपर्यंत तापवा आणि तसंच चार-पाच मिनिटं धरून ठेवा. सुक्क्यासाठी कढईत पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, वाफ आत मुरू द्या, मग झाकण काढून परता. मायक्रोवेव्हमध्ये रस्सा जागोजागी गार राहतो, म्हणून झाकून तापवा, निम्म्यात ढवळा आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटं तसाच राहू द्या.

चवीचाही प्रश्न आहेच. शिजलेल्या मांसातलं लोह आणि हवेतला प्राणवायू मिळून त्यातली चरबी खवट करू लागतात, आणि कोंबडी व मासे यांत हे मटणापेक्षा लवकर होतं. रश्श्यात बुडलेला तुकडा हवेपासून वाचतो, उघडा तुकडा वाचत नाही. दर वेळी तापवताना मांसातलं पाणीही सुटतं आणि धागे चिवट होतात. मुरलेलं मटण पहिल्या दिवसानंतर छान लागतं ते खरं, चौथ्या उकळीनंतर नाही.

तळलेल्या तुकड्यांचं गणित वेगळं आहे. तिथे शत्रू वाफ असते. गरमागरम तुकडे डब्यात कोंबून झाकण लावलं की आतली वाफ रव्याच्या किंवा पिठाच्या कवचात शिरते आणि ते लिबलिबीत होतं. जाळीवर एकेरी मांडून गार करा, मग खाली कागद घालून डब्यात ठेवा. वेळेचं बंधन तेच, दोन तास.

गरम करताना पुन्हा कढईत तळू नका. कडकडीत तेलात कवच मिनिटभरात काळपट होतं आणि आत मांस फ्रिजमधल्यासारखंच गार राहतं. हाडाच्या चिकनचे तुकडे ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये 180 अंशांवर जाळीवर ठेवा, मध्ये एकदा उलटा आणि जाडीप्रमाणे आठ ते पंधरा मिनिटं द्या. ही सोय नसेल तर जाड तवा घ्या, चमचाभर तेल सोडा, आधी मंद आचेवर झाकून तुकडा आतून तापू द्या आणि शेवटी झाकण काढून आच वाढवा, म्हणजे बाहेरचा ओलावा उडून कवच पुन्हा कुरकुरीत होईल. सुरमई किंवा पापलेटची तळलेली तुकडी पातळ असते. तिला झाकण लागत नाही, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं पुरतात. लेप लावलेले तुकडे नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये घालू नयेत, कातडं चामड्यासारखं होतं.

बांगडा आणि कुपा यांच्याबाबतीत आणखी एक खबरदारी आहे. हे मासे कच्चे असताना ऊन्हात किंवा टोपलीत फार वेळ राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन साचतं. ते तळून किंवा उकळून नाहीसं होत नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात, डोकं ठणकतं. अशा वेळी दोष गरम करण्याच्या पद्धतीत नसतो, मासा बाजारातूनच तसा आलेला असतो.

दूषित मांसाचा त्रास परफ्रिंजन्समुळे असेल तर खाल्ल्यापासून साधारण सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात, आणि बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो. स्टॅफिलोकोकसच्या विषाने काही तासांतच उलट्या होतात. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका यांना अंगातलं पाणी कमी झाल्याने धोका लवकर होतो. त्यांना मीठ-साखर-पाणी लगेच सुरू करा, आणि जुलाबात रक्त असेल, ताप चढला असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर डॉक्टरांकडे न्या. आणि रात्रभर ओट्यावर राहिलेलं पातेलं कितीही चविष्ट असलं तरी उकळून वाचवायच्या फंदात पडू नका. ते टाकून द्या.