तात्पुरता कर कायमचा कसा झाला? – प्राप्तिकराची कहाणी

आपल्या विद्यालयातून शिकून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज शासकीय सेवेत, बँकांत, शाळांत व कारखान्यांत काम करीत आहेत. दरमहा पगार हाती येण्यापूर्वीच त्यातून प्राप्तिकर, म्हणजे आपण ज्याला इन्कम टॅक्स म्हणतो तो, कापला जातो. ही कपात आता इतकी अंगवळणी पडली आहे की, हा कर सुरुवातीला केवळ युद्धापुरता बसविण्यात आला होता आणि युद्ध संपताच तो रद्द करण्याचे वचन देण्यात आले होते, हे सांगूनही खरे वाटू नये. असे वचन एकदा नव्हे, अनेकदा दिले गेले. एक-दोनदा ते पाळलेही गेले. तरीही कर परत आला आणि राहिला. याचे कारण केवळ राज्यकर्त्यांच्या लबाडीत शोधून चालणार नाही. युद्ध संपले तरी युद्धाचे कर्ज संपत नाही. कर वसूल करण्याची कार्यक्षम रीत एकदा सापडली की ती विसरली जात नाही. आणि त्या कराच्या भरवशावर दुसरे कर काढून टाकले की मागे फिरण्याची वाट बंद होते. या तीन गोष्टी समजावून घेण्यासाठी आम्ही प्रथम इंग्लंडकडे व नंतर आपल्या देशाकडे वळतो.

फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा खर्च कर्जांतून भागेना, तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान विल्यम पिट यांनी १७९९ मध्ये उत्पन्नावर कर बसविला. वर्षाला ६० पौंडांपेक्षा कमी मिळकत असणारे त्यातून मुक्त होते आणि २०० पौंडांच्या वर शेकडा १० हा पूर्ण दर होता. पिट यांची अपेक्षा एक कोटी पौंडांची होती. प्रत्यक्षात सुमारे साठ लाखच जमले. प्रत्येकाने आपले एकूण उत्पन्न स्वतः सांगावे आणि त्यावर कर भरावा, अशी रीत होती. साहजिकच अनेकांनी ते कमी सांगितले. १८०२ मध्ये तह झाला आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे कर रद्दही झाला.

परंतु पुढच्याच वर्षी युद्ध पुन्हा पेटले. नवे पंतप्रधान हेन्री ॲडिंग्टन यांनी कर पुन्हा आणला, मात्र वसुलीची रीत पालटली. त्यांनी उत्पन्नाचे पाच प्रकार केले आणि शक्य तेथे पैसा ज्याच्या हातून निघतो त्याच्याकडूनच कर घ्यावयाचे ठरविले. समजा, एका कुळाने जमीनमालकाला वर्षाला १०० पौंड खंड द्यावयाचा आहे. दर शेकडा ५ असेल, तर कुळाने ५ पौंड सरकारात भरावेत आणि मालकाच्या हाती ९५ ठेवावेत. मालकाला उत्पन्न लपविण्याची संधीच उरत नाही आणि सरकारला त्याच्या साऱ्या व्यवहारांची चौकशीही करावी लागत नाही. परिणाम असा झाला की, पिट यांच्या निम्म्या दराने जवळजवळ तेवढीच रक्कम जमू लागली. आज आपण ज्याला टीडीएस म्हणतो, त्या उगमस्थानी करकपातीचे मूळ येथे आहे.

१८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली आणि नेपोलियनचा कायमचा पराभव झाला. सरकारला हा कर आणखी काही काळ चालू ठेवावयाचा होता. पण व्यापारी व जमीनदार वर्गाने वचनाची आठवण करून दिली. मार्च १८१६ मध्ये संसदेत २३८ विरुद्ध २०१ मतांनी कर नामंजूर झाला. पुन्हा कोणी तो आणू नये म्हणून कराची कागदपत्रे नष्ट करण्याचा आदेशही निघाला. मात्र त्यांच्या प्रती दुसऱ्या एका सरकारी कचेरीत शाबूत राहिल्या.

कर गेला, पण कर्ज उरले. सरकारी खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग त्या कर्जावरील व्याज व तत्सम देणी भागविण्यातच जाऊ लागला. हा पैसा आला कोठून? साखर, चहा, साबण अशा रोजच्या वस्तूंवरील करांतून. श्रीमंताने साबण कितीही वापरला, तरी तो मजुराच्या शंभर पट वापरू शकत नाही. म्हणून अशा करांचा भार मजुराच्या तुटपुंज्या मिळकतीवर अधिक पडतो. ज्यांना प्राप्तिकर भरावा लागत होता ते सुटले आणि ज्यांनी तो कधीच भरला नव्हता त्यांच्यावर युद्धाचे ओझे आले. तात्पुरता कर रद्द झाला, या वाक्याची ही दुसरी बाजू आहे.

पुढील पंचवीस वर्षांनी ही व्यवस्था थकली. अंदाजपत्रकात दरवर्षी तूट येऊ लागली आणि वस्तूंवरील कर वाढवूनही अपेक्षित उत्पन्न मिळेना. तेव्हा १८४२ मध्ये रॉबर्ट पील यांनी शांततेच्या काळात प्रथमच प्राप्तिकर आणला. १५० पौंडांपेक्षा अधिक उत्पन्नावर, पौंडाला सात पेन्स, म्हणजे शेकडा तीनहून किंचित कमी, आणि मुदत केवळ तीन वर्षे. यंत्रणा बहुतांशी जुन्या कायद्याचीच होती. त्याबरोबर पील यांनी शेकडो वस्तूंवरील आयात जकात कमी केली. तीन वर्षे सरली, मुदत वाढविली गेली आणि आणखी शेकडो वस्तूंवरील जकात उठली. येथेच गाठ पक्की बसली. आता प्राप्तिकर काढावयाचा तर लोकांच्या ताटातील वस्तूंवर पुन्हा कर बसवावे लागले असते, आणि ते धाडस कोणत्याही सरकारला होण्याजोगे नव्हते.

ग्लॅडस्टन यांनी १८५३ मध्ये हा दर टप्प्याटप्प्याने उतरवीत १८६० मध्ये कर संपविण्याची तपशीलवार योजना मांडली होती. दुसऱ्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध सुरू झाले आणि दर उतरण्याऐवजी दुप्पट झाला. १८६० साल उजाडले तेव्हा त्याच ग्लॅडस्टन यांनी कर संपविला नाही, उलट पौंडाला दहा पेन्स केला.

आणि त्याच १८६० साली हा कर आपल्या देशात आला. १८५७ च्या उठावामुळे हिंदुस्थान सरकारचे कर्ज जवळजवळ चार कोटी पौंडांनी वाढले होते. विस्कटलेली घडी बसविण्यासाठी इंग्लंडहून जेम्स विल्सन यांना पाठविण्यात आले. त्यांच्या प्रस्तावानुसार २४ जुलै १८६० रोजी प्राप्तिकराचा कायदा झाला; आजही २४ जुलै हा आयकर दिन म्हणून पाळला जातो. वर्षाला २०० रुपयांपासून कर सुरू होई आणि मुदत पाच वर्षांची होती. लोकांची पद्धत व परिस्थिती न जाणता असा कर लादू नये, असे मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी उघडपणे म्हटले, तर त्यांनाच परत बोलाविण्यात आले.

पिट यांच्या वेळचाच दोष येथे मोठ्या प्रमाणावर दिसला. लहान लहान मिळकतीच्या असंख्य लोकांचे उत्पन्न ठरविण्यास विश्वसनीय साधन नव्हते. त्यामुळे चौकशीच्या नावाखाली जाच फार आणि वसुली थोडी. १८६५ मध्ये मुदत संपताच कर गेला. १८६९ मध्ये तो परत आला, १८७३ मध्ये पुन्हा गेला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर व्यापार-धंद्यांवर परवाना कर बसला. अखेर १८८६ मध्ये, रुपयाची घसरती किंमत आणि वायव्य सरहद्दीवर रशियाच्या धास्तीने वाढलेला लष्करी खर्च यांच्या कात्रीत सापडलेल्या सरकारने मुदतीची अट न घालता कायदा केला. तो मात्र टिकला.

तो का टिकला, हे त्याच्या रचनेवरून कळते. ५०० रुपयांखालील उत्पन्न वगळल्याने लहान माणसाचा जाच बराच थांबला. शेतीचे उत्पन्न वगळले गेले. पगार व सरकारी रोख्यांचे व्याज यांवरील कर जागीच कापला जाऊ लागला. दरमहा ६० रुपये पगाराच्या कारकुनाचे उदाहरण घेऊ. वर्षाचे ७२० रुपये झाले. दोन हजारांखालील पगाराला रुपयामागे ४ पै असा दर होता आणि एका रुपयात १९२ पै असत. म्हणजे महिन्याला २४० पै, अर्थात सव्वा रुपया कापून उरलेले पावणेएकोणसाठ रुपये त्याच्या हाती येत. ना जाब, ना जबाब.

तथापि इंग्लंड आणि हिंदुस्थान यांत एक मोठा फरक राहिला. तेथे प्राप्तिकराच्या आधाराने सामान्यांच्या वस्तू स्वस्त झाल्या. येथे १८८२ मध्ये बहुतेक आयात जकात उठली, पण तिचा मोठा लाभ विलायती कापड गिरण्यांना झाला. मिठावरील कर मात्र राहिला. प्राप्तिकर लागू असतानाच १८८८ मध्ये तो वाढविण्यातही आला. आणि शेतसारा होताच.

याच विषमतेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोट ठेवले. कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थशास्त्र त्यांनी प्रा. सेलिग्मन यांच्याकडे अभ्यासले होते, आणि सेलिग्मन हे प्राप्तिकरावरील ग्रंथाचे कर्ते होते. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना बाबासाहेबांनी दोन्ही करांची तुलना केली. ज्याला उत्पन्नच झाले नाही, त्याला प्राप्तिकर द्यावा लागत नाही. शेतकऱ्याला मात्र जमीन कितीही लहान असो, पीक येवो वा बुडो, सारा भरावाच लागतो, असा त्यांचा आक्षेप होता. कर माणसाच्या ऐपतीवर असावा, हे त्यामागील सूत्र होते.

कायमचा झालेला हा कर एका अर्थाने आजही मुदतीचाच आहे. ब्रिटनमध्ये तो दरवर्षी ५ एप्रिलला कायद्याने संपतो आणि संसद तो नव्याने मंजूर करते. आपल्याकडे मूळ कायदा कायम असला, तरी कराचे दर दरवर्षीच्या वित्त अधिनियमाने ठरतात. आणि कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता वा वसूल करता येणार नाही, असे आपल्या संविधानाचे २६५ वे कलम सांगते. म्हणून अर्थसंकल्पाच्या दिवशी करमुक्त मर्यादा किती वाढली, एवढेच पाहून थांबू नये, असे आम्हांस वाटते. सरकारने प्राप्तिकरात सोडलेला रुपया जर खर्च न घटता सोडला असेल, तर तो कोठून तरी भरून काढावा लागतो. तो मीठ-साबण विकत घेणाऱ्याकडून घेतला जातो की काय, हे १८१६ नंतरच्या इंग्लंडकडे पाहून प्रत्येक वेळी तपासून घ्यावयास हवे.