दिशा नव्हे, केवळ हेलकावे

लोकसभा निकालाच्या दिवशी, 4 जून 2024 रोजी, निफ्टी 5.93 टक्के कोसळला. समजा, तो दिवस धरून 21 व्यवहारदिवसांसाठी व्हेरियन्स स्वॅप झाला होता. ऑप्शनच्या किमतींत दडलेली वार्षिक अस्थिरता 20 टक्के धरून तिचा वर्ग, 400, हा करारभाव ठरला. मुदतीअखेर प्रत्यक्ष व्हेरियन्स 400 हून जितका अधिक, तितकी रक्कम विक्रेता देतो. कमी भरल्यास खरेदीदार. साध्या टक्केवारीने त्या एका दिवसाचाच वाटा 5.93 च्या वर्गाच्या बारापट (252 भागिले 21), म्हणजे सुमारे 422 होतो. वर्गात उणे चिन्ह पुसले जाते; निफ्टी तितकाच उसळला असता, तरी हिशेब तोच. ऑप्शनचा नफा निर्देशांक कोठे थांबतो यावरही अवलंबून असतो. येथे केवळ अस्थिरतेचा सौदा होतो. विक्रेत्याची जोखीमही त्याच वर्गात आहे: घसरण दुप्पट झाली, की वाटा चौपट.